कोकरू किती तासांचं आहे?

नमस्कार मंडळी. मागं उभे आहात त्यांनी पुढं या, खुर्च्या आहेत अजून. मला पाऊण तास दिलाय आणि पत्रिकेत विषय छापलाय 'धनगराच्या वाड्यावरची एक रात्र'. गोष्ट सांगायची आणि शेवटी अवकाळी पावसात मेंढरं कशी वाचवायची ते सांगायचं असं ठरलंय. गोष्ट मी सांगणारच आहे, माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे, पण त्याआधी एक प्रश्न विचारतो. कडाक्याची थंडी, पाऊस चालू, रात्रीचे नऊ वाजलेत आणि तुमच्या हातात एक गारठलेलं कोकरू दिलं. मान टाकलेली, तोंड गार. तुम्ही पहिलं काय कराल?

बघा, सगळे म्हणाले शेकोटी. तिथं मागून एक ताई म्हणाल्या दूध पाजू. आता हे दोन्ही उत्तरं चूक असू शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात, आणि कोणतं कधी हे ठरवायला एकच प्रश्न विचारावा लागतो, कोकरू किती तासांचं आहे? तीस वर्षं मी गुरांचा डॉक्टर म्हणून नोकरी केली आणि एवढी एकच गोष्ट लोकांना सांगत फिरतो असं माझी बायको म्हणते. खरं आहे ते. मला ती ज्या रात्री कळली, खरं तर ज्या रात्री कळायला हवी होती आणि कळली नाही, ती रात्र आज सांगतो.

नोकरीला लागून दुसरं वर्ष. पोस्टिंग जुन्नर तालुक्यात. दिवाळी झाली की पारनेर, संगमनेरकडचे वाडे माळशेज घाटाच्या दिशेनं सरकायला लागतात, खाली कोकणात उतरायला. वाडा म्हणजे इथं दगडी वाडा नाही हं, शहरातल्या मंडळींसाठी सांगतो, वाडा म्हणजे मेंढरं, माणसं, घोडी, कुत्री, कोंबड्या, सगळं मिळून जे चालतं ते. आणि धनगर मेंढीला बकरंच म्हणतात, "आमची दीडशे बकरी" म्हणाले की ती मेंढरं असतात, नव्या डॉक्टरचा पहिल्या महिन्यात हमखास घोटाळा होतो. ओतूरच्या अलीकडं एका रिकाम्या रानात असा एक वाडा बसला होता. कांद्याची लागण व्हायची होती, त्याआधी शेतमालकानं चार रात्री मेंढरं बसवून घ्यायचं ठरवलं होतं खतासाठी, रोजचं धान्य आणि थोडे पैसे ठरलेले. मी आंत्रविषाराची लस टोचायला दुपारी गेलो. टोचून होईस्तोवर आभाळ भरून आलं, कार्तिकात. साडेपाचला पाऊस सुरू झाला आणि मोटरसायकल ज्या ओढ्यातून आणली होती तो ओढाच अंगावर येईल असा वाहायला लागला. मग म्हातारी म्हणाली, "दाक्तर, आता कुठं जाताय, बसा पालात. भाकर खावा."

तर माणसं किती होती ते सांगतो. म्हातारी, तिला सगळे आक्का म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. तिचा थोरला मुलगा, म्हणजे कारभारी. त्याची बायको. धाकटा भाऊ, अठरा-एकोणीसचा. आणि थोरल्याची पोरगी, दहा वर्षांची असेल, डोक्यावर पोतं दुमडून खोळ करून फिरत होती आणि कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं हे तिला अंधारात सांगता यायचं. मेंढरं पावणेदोनशे. त्यातल्या चाळीसएक त्या पंधरवड्यात व्यायला झालेल्या.

आता कार्तिकातच का व्यायच्या? कारण सोपं आहे. मेंढी पाच महिने गाभण असते. ज्येष्ठ-आषाढात पाऊस पडला, हिरवं गवत आलं, मेंढी अंगानं भरली की ती माजावर येते, नर कळपातच असतो. तिथून पाच महिने मोजा, कार्तिक-मार्गशीर्ष येतो. म्हणजे वाडा नेमका वाटेत असतो, उघड्या रानात असतो तेव्हाच वेतं येतात. एरवी हे चांगलंच असतं, थंडी कोरडी असते, पिकं निघालेली असतात, चारा असतो. गोची होते ती फक्त त्या महिन्यात पाऊस आला तर.

रात्र पडली. वाघर लावलेली होती, म्हणजे काठ्या रोवून ताणलेलं जाळं, त्याच्या आत मेंढरं. वाघर वारा अडवत नाही, पाऊसही नाही, ती फक्त मेंढरू बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचं आत येऊ देत नाही, तेही पूर्ण नाहीच. बाहेरचं म्हणजे काय ते जुन्नरच्या लोकांना सांगायला नको. शेजारी उसाचं रान होतं आणि उसात बिबट्या असतो. पावसानं शेकोट्या विझलेल्या. धाकटा भाऊ घोंगडीची खोळ घेऊन, एका हातात बॅटरी, एका हातात रिकामा रॉकेलचा डबा, असा वाघरीभोवती गोल गोल फिरत होता. चार पावलं चालायचा, डबा बडवायचा, उसाकडं बॅटरी मारायचा, पुन्हा चार पावलं. कुत्री त्याच्या पायात. सकाळी बघितलं तर वाघरीच्या बाहेरून गुडघ्याएवढ्या चिखलात एक पायवाट पडली होती, त्या एकट्या पोराची. बिबट्या आला का नाही मला माहीत नाही, कुत्री दोनदा उसाकडं तोंड करून भुंकत मागं सरकली होती एवढं पाहिलं.

नऊच्या सुमाराला पहिली मेंढी व्याली. ती सरळ व्याली, पाण्याची पिशवी, मग दोन पुढचे खूर, त्यावर ठेवलेलं नाक, हेच बरोबर, पोहायला सूर मारल्यासारखं. थोरल्या सुनेनं काय केलं ते नीट ऐका, कारण पुस्तकातही हेच आहे आणि पुस्तकं लिहायच्या आधीपासून ती बाई हेच करत होती. नाकातोंडातला बुळबुळीत पडदा बोटानं काढला. वाळक्या गवताची काडी नाकात घातली, कोकरू शिंकलं, श्वास लागला. पोतं घेऊन पाठ आणि छाती खसाखसा पुसली, पण सगळं अंग पुसलं नाही, मागचा भाग ओलाच ठेवून आईच्या तोंडापुढं टाकलं. मी विचारलं का, तर म्हणाली, "समदं पुसलं तर ती काय चाटंल? चाटल्याबिगर वळखत न्हाई." मेंढी आपलं पिल्लू वासानं ओळखते आणि ही ओळख व्यायल्यानंतर पहिल्या तासा-दोन तासांत पक्की होते. मग सुनेनं कास धरली आणि दोन्ही सडांतून एकेक धार जमिनीवर काढून टाकली. सडाच्या तोंडाशी मेणासारखा डाट असतो, तो निघाला नाही तर कोकरू चोखत राहतं आणि पोटात काहीच जात नाही, बघणाऱ्याला वाटतं पितंय. हे लक्षात ठेवा. अर्ध्या तासात कोकरू उभं राहिलं, चीक प्यालं, शेपटी हलली. पोरीनं ते उचलून पालात डाल्याखाली ठेवलं.

आता चीक. खरवसाचं कौतुक आपण सगळे करतो, पण कोकराच्या बाबतीत त्याला दोन कामं आहेत. रोगाशी लढायची ताकद त्यातूनच मिळते, आईच्या पोटात ती मिळालेली नसते, हे पहिलं. आणि दुसरं, त्या रात्रीच्या दृष्टीनं मोठं, ते जळण आहे. कोकरू जन्मतं तेव्हा आपल्याबरोबर थोडं जळण घेऊन येतं, मूत्रपिंडाभोवती एक तपकिरी चरबी असते, तिचं काम फक्त अंग गरम ठेवणं. भिजलेलं अंग, वारा, थंडी असेल तर ती साधारण पाच तासांत संपते. त्यानंतर जे काही जळणार ते पोटात गेलेला चीक. अडीच किलोचं कोकरू असेल तर एका वेळेला सव्वाशे मिली, म्हणजे घरातला एक मोठा कप, एवढा लागतो, आणि तो पहिल्या सहा तासांत गेलेला बरा.

म्हणून तासांचा प्रश्न. आत्ता जन्मलेलं, पाच तासांच्या आतलं कोकरू गारठलं असेल तर त्याच्या अंगात जळण आहे, फक्त उष्णता निघून चाललीय. ते कोरडं करा, ऊब द्या, सावध झालं की चीक पाजा. पण दहा-बारा तासांचं कोकरू गारठलं असेल तर त्याचा अर्थच वेगळा. त्याची चूल विझलीय, कारण लाकूड संपलंय.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दहाच्या सुमाराला पोरगी एक कोकरू घेऊन आली. एका पहिलारू मेंढीचं, सकाळी वाटेत व्यालेली. वाडा चालत होता, कोकरू थोडं पायानं आलं, थोडं घोडीवर बांधून आलं. मेंढी लाथा मारत होती, कास दगडासारखी, म्हणजे चीक होता पण प्यायला कुणी दिलाच नव्हता, आणि लस, पाऊस, वाघर या गडबडीत कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यात माझी लसही आलीच. कोकरू लोंबत होतं. आक्कानं त्याच्या तोंडात बोट घातलं. ही परीक्षा आजही मी शिकवतो, थर्मामीटर नसला तरी चालतो. तोंड गरम आणि बोट चोखलं तर ठीक. तोंड कोमट, चोखतंय थोडंसं, तर गारठायला लागलंय. तोंड गार आणि चोखत नाही, तर धोका. आक्का म्हणाली, "गार हाय. पोटातबी कायच न्हाई," आणि तिनं ते खाली ठेवलं. मला राग आला. मला वाटलं ही म्हातारी जनावर सोडून देतेय. मी ते उचललं, पालातल्या चुलीजवळ घोंगडीत गुंडाळून बसलो. आक्का म्हणाली, "लेकरा, आगीजवळ नगं ठिवू. आधी पोटात जाऊ दे." मी म्हटलं, आक्का ते गिळत नाहीये, पाजलं तर फुप्फुसात जाईल. तेही खरंच होतं. ती गप्प बसली.

आणि मग ते कोकरू हाललं. पाय हलवले, डोळा उघडला. मी थोरल्याला हाक मारली, पोरगी हसायला लागली, मी म्हटलं बघा. पंधरा-वीस मिनिटं ते तसं होतं. मग त्यानं मान मागं टाकली, पाठीकडं वाकली अशी, चारी पाय सायकल मारल्यासारखे चालायला लागले आणि दोन मिनिटांत संपलं.

अंग तापलं की अंग साखर मागतं. रक्तात साखर उरलेलीच नव्हती, जी काय थेंबभर होती ती गरम होणाऱ्या अंगानं ओढून घेतली आणि मेंदूला मिळाली नाही, झटके आले. गार होतं तोवर ते कसंबसं तगून होतं. मी त्याला गरम केलं म्हणून ते तेव्हा मेलं. आणि मंडळी, हे मला बोलायला अजून जड जातं, ग्लुकोजची बाटली माझ्या बॅगेत होती. हातभर अंतरावर, खुंटाला अडकवलेली. आक्काला हे माहीत होतं की आधी पोटात गेलं पाहिजे, पण न गिळणाऱ्याच्या पोटात घालायचं कसं याचं साधन तिच्याकडं नव्हतं. माझ्याकडं साधन होतं आणि कशाआधी काय ते माहीत नव्हतं. दोघं एका पालात बसलो होतो.

ते कसं करायचं ते मी पुढं पाच वर्षांनी एका ट्रेनिंगमध्ये शिकलो. वीस टक्क्यांचं ग्लुकोज, किलोला दहा मिली, म्हणजे अडीच किलोच्या कोकराला पंचवीस मिली. आपल्याकडं पंचवीस टक्क्यांची बाटली मिळते, तिचे चार भाग आणि उकळून निवलेलं पाणी एक भाग घेतलं की वीस टक्के होतं. अंगाइतकं कोमट करायचं. कोकराला पुढच्या पायांनी उभं लोंबतं धरायचं, बेंबीच्या खाली इंचभर आणि किंचित बाजूला, सुईचं टोक शेपटीच्या दिशेनं तिरपं ठेवून पोटाच्या पोकळीत द्यायचं. मग, मगच, ऊब. डोकं उचलून धरायला लागलं, बोट चोखायला लागलं की चीक. हे ऐकून घरी जाऊन करू नका, जवळच्या डॉक्टरकडून एकदा हातानं शिकून घ्या, सुई चुकीच्या जागी गेली तर आतडं फाटतं. पण शिकून घ्या. वाड्यावर डॉक्टर रात्री येणार नसतो.

चिठ्ठी आलीय, पंधरा मिनिटं राहिलीत म्हणे. ठीक आहे, पण रात्र अजून संपलेली नाही, ती अर्धवट सोडता येणार नाही.

तीन वाजता पाऊस थोडा कमी, वारा मात्र वाढलेला. एक चांगली धडधाकट मेंढी दीड तास कळा देत होती आणि दिसत काहीच नव्हतं. हे ओळखायचं लक्षण सांगतो, पिशवी फुटून तास झाला, मेंढी जोर करतेय आणि खूर दिसत नाहीत, तर थांबायचं नाही. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, आत घातला, हाताला शेपटी लागली. फक्त शेपटी, मागचे पाय पोटाखाली दुमडलेले. आपल्याकडं पायाकडून जन्मलेल्या माणसाला पायाळू म्हणतात, हे त्याच्याही पुढचं. कोकरू थोडं आत ढकललं, एक मागचा खूर मुठीत झाकून घेतला, झाकायचा कारण तो टोकदार असतो आणि गर्भपिशवी फाडतो, आणि वळवून बाहेर आणला, तसाच दुसरा. मग एका ओढीत बाहेर, कारण आता नाळ दबते आणि डोकं अजून आतच असतं. उशीर झाला होता. मेलेलं होतं. बारीक पोरगी बॅटरी धरून उभी होती, तिनं फक्त "मेलं का?" विचारलं आणि बॅटरी हलू दिली नाही.

मी हात धुवायला उठलो तोवर आक्का उठून पालात गेली होती. एक कोकरू घेऊन आली. ते संध्याकाळीच जन्मलेलं, त्याची आई म्हातारी मेंढी, कासेला गाठ, दोन्ही सड गेलेले. शेळीचं दूध चमच्यानं चाललं होतं पण पुरत नव्हतं. ते उभं केलं तर पाठ काढून, चारी पाय एकत्र घेऊन उभं राहत होतं. पोट भरलेलं कोकरू उठवलं की आधी अंग ताणून आळस देतं, हे देत नव्हतं. आक्कानं ते त्या व्यालेल्या मेंढीच्या खालच्या पाण्यात, वारेच्या त्या सगळ्या चिकटात, पाठीपासून शेपटीपर्यंत माखलं. मी ओरडलोच, अहो आक्का, सुकलेलं कोकरू पुन्हा ओलं करताय, या वाऱ्यात! ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आय कोरडं करंल की." मग कमरेच्या लोकरीच्या दोऱ्यानं त्याचे तीन पाय सैलसे बांधले. का? कारण सात-आठ तासांचं कोकरू टुणकन उठून कासेला धावतं आणि मेंढीला कळतं की हे नुकतं जन्मलेलं नाही. पाय बांधलेलं कोकरू पडतं, उठतं, पुन्हा पडतं, जन्मल्यासारखं धडपडतं. मेलेलं कोकरू पोरीनं पोत्याखाली सरकवलं आणि हे तिच्या नाकापुढं ठेवलं.

मेंढीनं हुंगलं. मान मागं घेतली. पुन्हा हुंगलं, डोक्यावर, मग शेपटीखाली, तिथं बराच वेळ. आम्ही चौघं पावसात उकिडवे बसलेलो आणि कुणी बोलत नव्हतं, लांबून फक्त डबा वाजत होता. मग तिच्या घशातून तो आवाज आला, तोंड न उघडता काढतात तो, हुंहुंहुं असा हलका, मेंढी हा आवाज फक्त आपल्या ताज्या कोकराशीच काढते. आणि चाटायला लागली. आक्कानं दोरा सोडला.

मला सांगितलंय पाच मिनिटं. तर आता जे सांगायचं कबूल केलं होतं ते.

डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत काय झालं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय. अवकाळी पाऊस, त्यात गार वारा, आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, संगमनेर भागात मेंढरं-शेळ्या शेकड्यांनी मेली. पेपरात आलं गारठ्यानं मेली. मोठ्या मेंढ्यांच्या बाबतीत तसं म्हणता येईल, ज्यांची दिवाळीच्या सुमाराला कातरणी झाली होती त्यांच्या अंगावर लोकरच नव्हती. त्याला उपाय असा की गाभण आणि नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या कातरायच्या तर हवामानाचा अंदाज बघूनच, आता तो प्रत्येकाच्या मोबाईलवर येतो, आणि आठवडाभर आभाळाचं काही खरं दिसत नसेल तर त्या मागं ठेवायच्या.

दुसरं, छपराच्या मागं लागू नका, वारा अडवा. एक ताडपत्री, तीन फूट उंच, वाघरीच्या वाऱ्याकडच्या बाजूला जमिनीला टेकवून बांधा. मेंढरू बसलं की तीन फुटांच्या खाली असतं. वरून भिजलं तरी दख्खनी मेंढीची राठ लोकर बरंच पाणी खाली सोडून देते, पण भिजल्यावर वारा लागला की संपलं. ताडपत्री एकच असेल तर ती पालावर नको, व्यालेल्या मेंढ्यांच्या बाजूला.

तिसरं, कोकरांचा हिशेब. संध्याकाळी वाडा बसला की अंधार पडायच्या आत त्या दिवसाचं प्रत्येक कोकरू उचलून पोट चाचपा. रिकामं असेल तर त्याच्या आईला धरून पाजा, लाथा मारत असेल तर दोघांनी धरून पाजा. आमच्या त्या रात्री एवढं केलं असतं तर ग्लुकोजची वेळच आली नसती. आणि एक तक्रार करतो आणि थांबतो. एकदा अशाच पावसानंतर पंचनाम्याला मी हजर होतो, सव्वीस कोकरं ओळीनं ठेवली होती आणि कागदावर तेवढ्या लहान जनावरासाठी जागाच नव्हती, लिहिणारा म्हणाला मोठी किती ते सांगा. मी समासात लिहायला लावली, सव्वीस, वय एक ते चार दिवस. ती आकडेवारी पुढं कुठंच आली नाही. जोवर ती लिहिली जात नाही तोवर आपण 'गारठ्यानं' एवढंच म्हणत राहणार आणि किती उपाशी गेली ते कधी कळणार नाही. तुमच्या गावात वाडा बसला आणि असं काही झालं तर वयासकट मोजा, तासांत मोजा, आणि लिहून घ्यायला लावा.

हो, विचारा ताई. त्या दत्तक कोकराचं? सकाळी ओढा उतरला, मी निघालो तेव्हा वाडाही उठत होता. शेतमालक म्हणत होता अजून तीन रात्री राहिल्यात, कारभारी म्हणाला चिखलात बकरी बसत न्हाईत, पुढच्या साली बसवू. घोडीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोणपाटाच्या पिशव्या होत्या आणि त्यातून कोकरांची नुसती डोकी बाहेर होती, सात का आठ. ती मेंढी घोडीच्या डाव्या पिशवीला नाक लावून चालत होती. पोरगी म्हणाली, सकाळपासून ती दुसऱ्या बाजूला येतच नाही.